अमेरिकेतलं घड्याळ बदललं की सपोर्टच्या नव्या वेळांचं पत्र क्लायंटला कसं लिहायचं

रविवारी, १ नोव्हेंबर २०२६ ला पहाटे दोन वाजता न्यूयॉर्क, बॉस्टन, अटलांटा या पट्ट्यातली घड्याळं एक तास मागे जातील. त्या क्षणी पुण्यात सकाळचे साडेअकरा वाजलेले असतील आणि आपल्याकडे काहीच बदलणार नाही. पण शुक्रवारपर्यंत आपल्यात आणि त्यांच्यात जे साडेनऊ तासांचं अंतर होतं, ते सोमवारी साडेदहा तासांचं झालेलं असेल. अमेरिकेत २००७ पासून हाच नियम चालू आहे: मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. तारीख दरवर्षी आधीच ठाऊक असते, तरी नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी कुठल्या ना कुठल्या प्रोजेक्टवर क्लायंटचा फोन येतोच, की अकरा वाजून गेले, तुमचं कुणी चॅटवर का नाही?

हा लेख नव्याने प्रोजेक्ट मॅनेजर झालेल्यांसाठी किंवा लीड असून हे पत्र पहिल्यांदाच ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांच्यासाठी आहे. पत्र जेमतेम पानभराचं असतं. वेळ जातो तो त्याआधीच्या हिशेबात, म्हणून लेखातही जास्त जागा हिशेबालाच दिली आहे.

एक उदाहरण घेऊन चालू. पुण्यातली आठ जणांची सपोर्ट टीम. क्लायंट बॉस्टनजवळची एक विमा कंपनी, तिच्या क्लेम विभागाची प्रणाली आपण सांभाळतो. उन्हाळ्यात टीमची वेळ दुपारी १२:३० ते रात्री ९:३०. क्लायंटच्या घड्याळात ती पहाटे ३ ते दुपारी १२ अशी पडते. त्यांचं ऑफिस सकाळी आठला उघडतं, म्हणजे आपण आणि ते एकाच वेळी जागेवर असतो ते चार तास, ८ ते १२. नोव्हेंबरमध्ये आपण काहीच केलं नाही, तर तीच शिफ्ट त्यांच्याकडे रात्री २ ते सकाळी ११ होईल आणि चाराचे तीन तास होतील.

पहिली पायरी: वेळ कुणाच्या घड्याळाला बांधली आहे ते करारात बघा

करारातलं सपोर्टच्या वेळांचं परिशिष्ट उघडा. तिथे वेळ भारतीय घड्याळात लिहिली असेल, तर क्लायंटच्या बाजूने वेळा सरकणार. अमेरिकेच्या पूर्वेच्या वेळेत लिहिली असेल, तर सरकायचं आपल्याला आहे. टीम दुपारी १:३० ते रात्री १०:३० येईल आणि पत्र फक्त 'तुमच्यासाठी काही बदलत नाही' एवढ्यापुरतं उरेल. दोन्ही वेळा शेजारीशेजारी छापलेल्या असतील, तर मात्र पंचाईत. अशा परिशिष्टात वर्षातले सात-आठ महिने दोन्ही आकडे जुळतात आणि उरलेले महिने त्यातला एक चुकीचा असतो. तसं असेल तर स्वतःच अर्थ लावत बसू नका. अकाउंट मॅनेजरला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

आणखी एक गोष्ट बघा. परिशिष्टात कधीकधी 'ईएसटी' लिहिलेलं असतं. काटेकोर बघायला गेलं तर ती फक्त हिवाळ्याची वेळ आहे, उन्हाळ्यातली वेगळी. लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा 'बॉस्टनचं घड्याळ जे दाखवेल ते' एवढंच असतं. तुमच्या पत्रात 'ईटी' लिहा, ते बाराही महिने बरोबर असतं. तसंच नुसतं 'आयएसटी' लिहून थांबू नका. ही आद्याक्षरं आयर्लंड आणि इस्रायलही वापरतात. 'पुण्याची वेळ' म्हटलं की प्रश्न मिटला.

आपल्या उदाहरणात वेळ भारतीय घड्याळात लिहिली आहे. म्हणजे कागदावर आपण मोकळे. पण त्या हक्कावर बोट ठेवून 'नोव्हेंबरपासून आम्ही अकराला बंद' एवढंच कळवणारा मॅनेजर मार्चपर्यंत प्रत्येक मीटिंगमध्ये त्या एका तासाबद्दल ऐकत राहतो.

दुसरी पायरी: जाणारा तास कुणाला लागतो ते शोधा

तिकीट टूलमधून मागच्या तीन महिन्यांची तिकिटं काढा आणि क्लायंटच्या घड्याळाप्रमाणे तासातासाने मांडा. बघायचं एवढंच, की ११ ते १२ या तासात काय येतं. किती आली यापेक्षा कुठल्या प्राधान्याची आली हे महत्त्वाचं. पी१ म्हणजे काम ठप्प, पी२ म्हणजे मोठा विभाग अडलेला. या दोन्हींना माणूस लगेच लागतो. पी३ आणि पी४ ला प्रतिसादाची मुदत असते आणि ती सपोर्टच्या तासांत मोजली जाते.

इथे एक गंमत आहे, ती नव्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. समजा पी३ ची प्रतिसादाची मुदत चार सपोर्ट-तासांची आहे. उन्हाळ्यात बॉस्टनमध्ये सकाळी १०:३० ला तिकीट आलं, तर १२ पर्यंत दीड तास मोजला जातो. उरलेले अडीच तास दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पासून, म्हणजे मुदत संपते पहाटे ५:३० ला. हिवाळ्यात तेच तिकीट आलं, तर ११ पर्यंत अर्धाच तास मोजला जातो. पण आता आपण त्यांच्या घड्याळात रात्री २ लाच बसलेलो असतो, तेव्हा उरलेले साडेतीन तास २ पासून धरले की पुन्हा ५:३० च येतात. आणि तिकीट ११:३० ला आलं तर? उन्हाळ्याच्या हिशेबात सकाळी ६:३०. हिवाळ्यात त्या दिवशी काहीच मोजलं जात नाही, सगळे चार तास रात्री २ पासून, म्हणजे ६:००. उलट अर्धा तास आधीच. दोन्ही वेळा क्लायंटचा माणूस आठला खुर्चीत बसण्याआधी उत्तर आलेलं असतं.

म्हणजे पी३-पी४ वाल्यांचं या एका तासाने काही बिघडत नाही. बिघडतं ते ११:१५ ला क्लेमचा स्क्रीन उघडेनासा झाला तर. तेव्हा अख्खी टीम एक तास पुढे ढकलायची गरज नाही, शेवटच्या तासाला दोन-तीन माणसं हवीत. मी असा प्रसंग असला की टीम दोन भागांत लावते: पाच जण पूर्वीच्याच १२:३० ते ९:३० ला, तिघं १:३० ते १०:३० ला. क्लायंटच्या घड्याळात खिडकी रात्री २ ते दुपारी १२ होते, शेवटचा तास फक्त पी१ आणि पी२ साठी.

तिसरी पायरी: आधी घरचं, मग क्लायंटचं

क्लायंटला शब्द देण्याआधी त्या तिघांशी बोला. रात्री ९:३० हा आकडा इथे योगायोगाने महत्त्वाचा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार रात्री ९:३० ते सकाळी ७ या वेळेत महिला कर्मचाऱ्याला काम द्यायचं, तर तिची संमती लागते आणि सुरक्षेची पुरेशी व्यवस्था मालकाने करायची असते. जी टीम वर्षभर साडेनऊच्या ठोक्याला उठत होती, तिच्यासाठी हा प्रश्न आजवर आलाच नसेल. एचआरकडे संमतीचा नमुना असतो, तो भरून घ्या. ट्रान्सपोर्ट विभागाला कॅबची नवी वेळ कळवा, त्यांना रोस्टर किती दिवस आधी लागतं ते विचारून ठेवा. कॅन्टीन दहाला बंद होत असेल तर जेवणाचंही बघा. हे सगळं ठरल्यावरच क्लायंटच्या पत्रात 'दुपारी बारापर्यंत' असं लिहायचं.

सुट्ट्यांचं काय? २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, घड्याळ बदलल्यानंतर बरोबर आठवड्याने. दिवाळीतल्या कमी मनुष्यबळाची सूचना याच पत्रात घुसवायचा मोह होतो. घुसवू नका. एका पत्रात दोन वेळापत्रकं आली की वाचणारा दिवाळीच्या वेळा मार्चपर्यंतच्या समजतो. ते वेगळं पत्र, वेगळा विषय.

चौथी पायरी: आकडे तपासा

मनात हिशेब करताना साडेनऊ आणि साडेदहा यांत माणूस हमखास अडखळतो. लिनक्स हाताशी असेल तर टर्मिनलला विचारा:

```
TZ=Asia/Kolkata date -d 'TZ="America/New_York" 2026-11-02 11:00'
```

उत्तर त्याच दिवशीचं २१:३० येईल. तारीख बदलून 2026-10-30 करा, २०:३० येईल. एका तासाचा फरक डोळ्यांनी दिसला की पत्रातल्या वेळा बिनधास्त लिहा.

क्लायंटची माणसं एकाच शहरात आहेत ना, हेही विचारा. फिनिक्समध्ये कुणी बसत असेल तर ॲरिझोना राज्याचा बहुतेक भाग घड्याळ बदलतच नाही. त्यांच्यासाठी पुण्याशी अंतर बाराही महिने साडेबारा तासच राहतं. लंडनला शाखा असेल तर तिथलं घड्याळ आठवडाभर आधी, २५ ऑक्टोबरला मागे जातं, त्यामुळे मधला एक आठवडा तिघांचंही गणित वेगळं असतं. अशा क्लायंटसाठी प्रत्येक शहराची वेगळी ओळ द्यावी लागते.

पाचवी पायरी: पत्र

क्लायंट अमेरिकी, तेव्हा पत्र इंग्रजीत जाणार हे उघड आहे. इथे ते मराठीत देतेय; ओळींचा क्रम आणि लांबी तुमच्या इंग्रजी पत्रात हीच ठेवा.

> विषय: २ नोव्हेंबर २०२६ पासून सपोर्टच्या वेळा: रात्री २ ते दुपारी १२, ईटी
>
> नमस्कार,
>
> १ नोव्हेंबरला तुमच्याकडचं घड्याळ एक तास मागे जात आहे. भारतात घड्याळ बदलत नाही. त्यामुळे आमच्या सपोर्टच्या वेळा तुमच्या घड्याळात अशा असतील.
>
> शुक्रवार, ३० ऑक्टोबरपर्यंत: पहाटे ३:०० ते दुपारी १२:००, ईटी
> सोमवार, २ नोव्हेंबरपासून: रात्री २:०० ते दुपारी १२:००, ईटी (पुण्यात दुपारी १२:३० ते रात्री १०:३०)
>
> यातला सकाळी ११:०० ते दुपारी १२:०० हा तास पी१ आणि पी२ तिकिटांसाठी आहे. या तासात आलेली पी३ आणि पी४ तिकिटं पुढच्या कामाच्या दिवशी रात्री २:०० ला हाती घेतली जातील. पी३ चा पहिला प्रतिसाद त्या दिवशी सकाळी ६:०० पर्यंत, म्हणजे तुमचं ऑफिस उघडण्याआधी मिळेल.
>
> जे बदलत नाही: पी१ साठीचा २४ तासांचा ऑन-कॉल फोन, कराराने ठरलेल्या प्रतिसादाच्या मुदती आणि शुल्क.
>
> रोजचा सकाळी ८:३० चा कॉल तुमच्या घड्याळात ८:३० लाच राहील. त्याचं नवं कॅलेंडर आमंत्रण सोबत पाठवत आहे, जुनं कृपया काढून टाकावं.
>
> या वेळा शुक्रवार, १२ मार्च २०२७ पर्यंत लागू राहतील. १४ मार्चला तुमचं घड्याळ पुढे गेल्यावर आम्ही ३:०० ते १२:०० वर परत येऊ.
>
> ११ ते १२ या तासात पी३ चं काही काम नियमितपणे अडेल असं वाटत असेल, तर २३ ऑक्टोबरपर्यंत कळवावं, म्हणजे रोस्टर पक्कं करण्याआधी बोलता येईल.
>
> तुमच्या क्लेम विभागाला पुढे पाठवता येईल अशी एक ओळ खाली देत आहे:
> "२ नोव्हेंबरपासून सकाळी ११ नंतर फक्त तातडीची तिकिटं त्याच दिवशी हाताळली जातील, बाकीची दुसऱ्या कामाच्या दिवशी सकाळपर्यंत."

पत्र असं का, ते थोडक्यात. विषयाच्या ओळीतच तारीख आणि वेळ आहे, कारण क्लायंटच्या बाजूचे चारपैकी तीन लोक तेवढंच वाचतील. क्लायंटची वेळ आधी, पुण्याची कंसात. उलटं केलंत तर वाचणाऱ्याला स्वतःच वजाबाकी करावी लागते. 'वेळ एक तास पुढे नेत आहोत' किंवा 'मागे घेत आहोत' असली वाक्यं कुठेही नाहीत, कारण पुढे म्हणजे लवकर की उशिरा, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. आकडे असले की वाद नाही. ऑन-कॉल फोनची ओळ विसरू नका. वेळा बदलल्या म्हटल्यावर क्लायंटच्या मनात पहिली शंका हीच येते, की रात्री सर्व्हर पडला तर फोन कोण उचलणार.

शेवटी ती पुढे पाठवायची ओळ. तुमचं पत्र ज्याला जातं तो तिकिटं टाकत नाही आणि जे टाकतात त्यांना तुमचं पत्र जात नाही. आयती ओळ दिली तर ती दोन मिनिटांत पुढे जाते. नाही दिली तर तो मनात 'नंतर लिहू' म्हणतो.

पत्रात काय नको तेही सांगते. घड्याळ का बदलतं याचा इतिहास नको, त्यांना तो तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. गैरसोयीबद्दल लांबलचक दिलगिरी नको. घड्याळ तुम्ही मागे केलेलं नाही. टीमच्या कॅबची आणि जेवणाची अडचण तर अजिबात नको. आणि खिडकी खरोखर छोटी होत असेल किंवा प्रतिसादाची मुदत वाढत असेल, तर हे पत्र पुरेसं नाही. तो करारातला बदल झाला, त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात. ती फाइल अकाउंट मॅनेजरकडे द्या.

कधी पाठवायचं? साधारण तीन आठवडे आधी, म्हणजे १२ ऑक्टोबरच्या आठवड्यात. फार आधी पाठवलं तर विसरलं जातं, शेवटच्या आठवड्यात पाठवलं तर उत्तराला जागा उरत नाही. शुक्रवारी, ३० ऑक्टोबरला त्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळींची आठवण. नवीन ईमेल नको, जुन्याच साखळीत.

सहावी पायरी: आमंत्रणं आणि टूल

कॅलेंडरमधलं आमंत्रण बनवणाऱ्याच्या टाइमझोनला चिकटून राहतं. रोजचा कॉल पुण्यातून संध्याकाळी ६ चा टाकला असेल, तर उन्हाळ्यात तो बॉस्टनला ८:३० ला दिसतो आणि २ नोव्हेंबरला आपोआप ७:३० ला जाऊन बसतो. क्लायंट तेव्हा गाडी चालवत असतो. म्हणून कॉल नव्याने टाका आणि टाकताना टाइमझोन America/New_York निवडा. मग मार्चमध्येही हात लावावा लागणार नाही. सरकेल ती आपल्याकडची वेळ, ६ ची ७ आणि पुन्हा ६.

तिकीट टूलमधलं सपोर्टच्या तासांचं कॅलेंडर हे जास्त नाजूक प्रकरण. ते न्यूयॉर्कच्या टाइमझोनमध्ये ३ ते १२ असं भरलेलं असेल आणि कुणी बदललं नाही, तर २ ते ३ मध्ये टीम काम करत असूनही तास मोजला जाणार नाही आणि ११ ते १२ मध्ये पी३ वाले घरी गेलेले असताना घड्याळ चालू राहील. आपल्या योजनेत दोन कॅलेंडरं लागतात: पी१-पी२ साठी २ ते १२, पी३-पी४ साठी २ ते ११. टूल सांभाळणाऱ्याला हे लेखी द्या. बदल शुक्रवारची शिफ्ट संपल्यावर करायचा, आधी नाही, नाहीतर शुक्रवारच्या तिकिटांच्या मुदती बिघडतील.

रात्रीच्या बॅच जॉब्सकडेही एक नजर टाका. रविवारी बॉस्टनच्या घड्याळात १ ते २ हा तास दोनदा येतो, पुण्याच्या वेळेनुसार आधी १०:३० ते ११:३० आणि मग ११:३० ते १२:३०. स्थानिक वेळेनुसार १:३० ला लावलेला जॉब काही शेड्युलरमध्ये दोनदा चालू शकतो. सर्व्हर यूटीसीवर असेल तर हा धोका नाही, पण मग क्लायंटला सकाळी ६ ला मिळणारा रिपोर्ट ५ ला मिळेल. तो बहुधा तक्रार करणार नाही. मात्र रिपोर्टच्या आधी त्यांच्याकडून एखादी फाइल यायची असेल आणि ती फाइल त्यांच्या घड्याळाने येत असेल, तर रिपोर्ट रिकामा निघेल. रविवारी दुपारी कुणीतरी लॉग उघडून बघावा.

सातवी पायरी: पहिला सोमवार

२ नोव्हेंबरला रात्री १० वाजता, म्हणजे बॉस्टनच्या सकाळी ११ ला नव्हे तर ११:३० ला, एक चाचणी पी३ तिकीट टाका आणि टूल मुदत काय दाखवतं ते बघा. मंगळवारी सकाळी ६:०० ईटी दिसली तर कॅलेंडर बरोबर बदललं आहे. ६:३० दिसली तर जुनंच चालू आहे. चाचणीची वेळ ११ नंतरचीच हवी. वरचा हिशेब आठवत असेल तर कळेल, सकाळी ८ नंतर आणि ११ च्या आधी टाकलेल्या तिकिटाची मुदत जुन्या आणि नव्या दोन्ही कॅलेंडरमध्ये एकच येते, त्यामुळे चूक असली तरी दिसत नाही.

त्या आठवड्यात ११ ते १२ मध्ये आलेलं प्रत्येक तिकीट रोज बघा. क्लेम विभागातलं कुणी पी३ चं काम पी२ म्हणून टाकायला लागलं, तर ती ओळ त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही किंवा त्यांना तो तास खरंच लागतो आहे. पहिलं असेल तर क्लायंटला ती ओळ पुन्हा पाठवायला सांगा. दुसरं असेल तर तिघांऐवजी चौघांना उशिराच्या शिफ्टला लावून दोन आठवडे बघा, आणि तोवर मार्चच्या पत्रासाठी कॅलेंडरमध्ये २२ फेब्रुवारी २०२७ ची आठवण टाकून ठेवा.